हाक कुठवर ऐकू जावी?

वाढत्या ऑफिसचं नेटवर्क एका दिवसात बिघडत नाही, ते आधी कुरकुरायला लागतं. सोमवारी सकाळी दोन लॅपटॉपना इंटरनेट मिळत नाही, दुपारी आपोआप मिळतं. टेबलफोनवर समोरच्याचा आवाज मधूनच तुटतो. कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवरचा एखादा चौकोन काळा पडतो आणि थोड्या वेळाने परत उजळतो. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन स्पीड तपासून दाखवतो, स्पीड भरपूर असतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘व्हीलॅन करून घ्या.’

सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण त्याने काय सुधारेल आणि काय अजिबात सुधारणार नाही, हे सल्ला देणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. त्यामुळे पैसे खर्च होतात, वायरींचे गठ्ठे नवे होतात आणि काळा चौकोन तसाच राहतो.

एक ऑफिस डोळ्यांसमोर आणू. पुण्यात बाणेरला दोन मजल्यांवर पसरलेली एक डिझाइन कंपनी. सुरुवातीला वीस माणसं होती, तेव्हा एक राउटर आणि एक स्विच पुरत होता. आता ७० संगणक आहेत, ६० टेबलफोन, २४ कॅमेरे, सहा प्रिंटर, टॅलीचा एक सर्व्हर, दाराशी हजेरीचं बायोमेट्रिक मशीन आणि वायफायवर ७० मोबाइल. सगळे मिळून २३२. आणि हे सगळे एकाच मालिकेतले पत्ते वापरतात, `192.168.1.1` पासून `192.168.1.254` पर्यंत. म्हणजे शिल्लक राहिले बावीस.

बावीस पुरायला हवेत असं वाटतं. पण भेटीला आलेल्या माणसाचा मोबाइल वायफायला जोडला गेला, की त्यालाही एक पत्ता मिळतो, आणि तो माणूस निघून गेला तरी पत्ता लगेच मोकळा होत नाही. पत्ते वाटणारी डीएचसीपी नावाची सेवा प्रत्येक पत्ता मुदतीवर देते. ही मुदत साध्या राउटरवर बहुधा एक दिवसाची असते, विंडोज सर्व्हरवर कुणी बदलली नसेल तर आठ दिवसांची. मुदत आठ दिवसांची असेल आणि शुक्रवारी वीस-पंचवीस पाहुणे येऊन गेले असतील तर सोमवारी ज्याचा लॅपटॉप उशिरा सुरू होईल त्याच्या वाट्याला काही उरत नाही. सोमवारचं कोडं बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता आवाज तुटण्याकडे वळू. इथरनेटवरचा स्विच तसा शहाणा असतो. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे हे तो ऐकून ऐकून शिकतो आणि ज्याचं पाकीट त्याच्याच पोर्टवर पाठवतो. मात्र एका पत्त्यापुढे त्याचा इलाज चालत नाही: `FF:FF:FF:FF:FF:FF`. हा सगळ्यांचा पत्ता. त्यावर आलेलं पाकीट स्विच प्रत्येक पोर्टवर ढकलतो, आणि यालाच ब्रॉडकास्ट म्हणतात. लग्नाच्या कार्यालयात माइकवरून ‘पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढावी’ अशी घोषणा झाली, की हॉलमधला प्रत्येक गाडीवाला जेवता जेवता थांबून नंबर ऐकतो, मग आपला नाही म्हणून पुन्हा जेवायला लागतो. इथेही अगदी तसंच घडतं.

अशा घोषणा कोण करतं? जवळजवळ प्रत्येक यंत्र. एखाद्या संगणकाला प्रिंटरशी बोलायचं असेल तर तो आधी विचारतो, ‘हा पत्ता कुणाचा?’ ही विचारण्याची पद्धत, म्हणजे एआरपी, १९८२ मध्ये ठरली आणि आजही तशीच चालू आहे. नवं यंत्र सुरू झालं की ते डीएचसीपीकडे पत्ता मागतं, आणि ही मागणीसुद्धा सगळ्यांना ऐकू जाते, कारण पत्ते वाटणारा कुठे बसलाय हेच त्याला ठाऊक नसतं.

यावर घाबरवणारं बरंच सांगितलं जातं, म्हणून हिशेब करून पाहू. प्रत्येक यंत्र सरासरी दोन-सव्वादोन सेकंदांनी एक हाक मारतं असं धरलं, तर आपल्या ऑफिसात सेकंदाला सुमारे शंभर हाका होतील. अशी हाक साधारण ६४ बाइटची असते. शंभर हाका म्हणजे सेकंदाला ५१ किलोबिट. १०० मेगाबिटच्या वायरवर हे प्रमाण दोन हजारांत एक एवढंच पडतं. वायर यामुळे तुंबत नाही आणि नव्या संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग बिघडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण वायफाय. हवेतून ब्रॉडकास्ट पाठवताना वायफायचं यंत्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, सर्वांत मंद वेग निवडतं, कारण लांब कोपऱ्यातल्या जुन्या मोबाइललाही ते ऐकू गेलं पाहिजे. २.४ गिगाहर्ट्‌झवर हा वेग जुन्या सेटिंगमध्ये सेकंदाला फक्त एक मेगाबिट असतो. त्या वेगाने एका छोट्या हाकेला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. शंभर हाका म्हणजे दर सेकंदातला दहावा हिस्सा, आणि तेवढा वेळ त्या ॲक्सेस पॉइंटवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. वायरवर नगण्य असलेली गोष्ट हवेत जागा अडवून बसते. त्यात कॅमेऱ्यांच्या आणि टेबलफोनच्या हाका मोबाइलच्या काहीच उपयोगाच्या नसतात.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं आहे, आणि ते टेबलफोनच्या पाठीमागे असतं. ऑफिसातल्या अशा फोनला सहसा दोन पोर्ट असतात. एकात भिंतीकडून येणारी वायर, दुसऱ्यातून संगणकाकडे जाणारी. फोनच्या पोटात एक छोटा स्विचच असतो म्हणा ना. टेबलं हलवताना कुणीतरी चांगल्या भावनेने मोकळी लोंबणारी दुसरी वायरही भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसतं, आणि गोल वर्तुळ तयार होतं. इंटरनेटच्या पाकिटावर ‘इतक्या टप्प्यांनंतर टाकून द्या’ असा आकडा असतो, इथरनेटच्या पाकिटावर तो नसतो. त्यामुळे वर्तुळात शिरलेली हाक फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत सगळीकडे नव्याने वाजते. १०० मेगाबिटच्या वायरवर अशी लहान पाकिटं सेकंदाला सुमारे १,४८,८०० मावतात, आणि वर्तुळ ती वायर पाहता पाहता भरून टाकतं. संगणक यातून कसाबसा तग धरतो. कॅमेरा आणि फोन यांचे प्रोसेसर छोटे असतात, त्यांना प्रत्येक हाक थांबून तपासावी लागते, आणि ते मान टाकतात. ओळखायची खूण सोपी आहे: स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात, न थांबता लुकलुकत असतात.

व्हीलॅनचं काम या हाका आपापल्या घोळक्यात ठेवण्याचं. स्विच तोच, वायर तीच, पण स्विचला सांगून ठेवायचं की ही पोर्टं १० नंबरची, ही २० ची, ही ३० ची. १० मधली हाक १० च्याच पोर्टांवर जाईल. दोन स्विचमधल्या एकाच वायरवरून सगळे घोळके जायचे असतील तर प्रत्येक पाकिटावर चार बाइटची चिठ्ठी चिकटवली जाते आणि तीत नंबर असतो. या चिठ्ठीचं मानक १९९८ मध्ये आलं, त्याचं नाव `802.1Q`. नंबराला त्यात बारा बिट दिलेत, म्हणून वापरता येण्याजोगे नंबर ४०९४. आपल्याला चार पुरतात: संगणक १०, फोन २०, कॅमेरे ३०, मोबाइल आणि पाहुणे ४०. प्रत्येकाची पत्त्यांची मालिका वेगळी झाल्यामुळे सोमवारचा तुटवडाही इथेच मिटतो.

पण एक गोष्ट इथेच स्पष्ट व्हायला हवी. व्हीलॅनने घोळके वेगळे होतात, वायर रुंद होत नाही. आपल्या ऑफिसात कॅमेरे बसवणाऱ्याने आठ पोर्टांचे तीन पीओई स्विच घेतलेत, म्हणजे त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही पुरवणारे. त्यांची सगळी पोर्टं १०० मेगाबिटची, आणि तिन्ही एकापुढे एक माळेसारखे जोडलेले. प्रत्येक कॅमेरा चार मेगाबिट पाठवतो असं धरलं तर माळेच्या शेवटच्या वायरीवर २४ गुणिले ४, म्हणजे ९६ मेगाबिट होतात. शंभराची वायर काठोकाठ भरली. रात्री पाऊस किंवा किडे आले, चित्र जास्त हललं की काही कॅमेऱ्यांचा आकडा वाढतो आणि एखादा चौकोन काळा पडतो. हे ब्रॉडकास्ट नव्हे. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र नेमकं एनव्हीआरकडे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याकडेच चाललेलं असतं. इथे कितीही व्हीलॅन केले तरी ९६ चे ९६ च राहणार. इलाज आहे तो माळ तोडून तिन्ही स्विच वेगवेगळ्या वायरींनी मुख्य स्विचला जोडण्याचा. मग प्रत्येकीवर ३२ मेगाबिट येतात आणि प्रश्न सुटतो. कॅमेऱ्याची तक्रार असली की मी आधी या वायरीचा वेग बघायला सांगेन, व्हीलॅनची गोष्ट नंतर.

तर आता फेरमांडणी. सुरुवात कॅमेऱ्यांपासून करावी, कारण ते हलवताना कुणाचं काम अडत नाही. अडचण अशी, की कॅमेऱ्यांचे पत्ते बसवणाऱ्याने हाताने टाकलेले असतात, आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. २४ कॅमेऱ्यांत शिरून पत्ते बदलायचे म्हणजे एक आख्खा दिवस गेला. त्याऐवजी उलटं करावं: जुनी `192.168.1.x` ही मालिका कॅमेऱ्यांनाच देऊन टाकावी आणि बाकीच्यांनी तिथून निघावं. संगणक, फोन, मोबाइल हे पत्ता मागून घेणारे आहेत, ते बंद करून चालू केले की नवी मालिका आपोआप उचलतात. हाताने बदलायचे उरतात प्रिंटर, टॅलीचा सर्व्हर आणि हजेरीचं मशीन, फार तर आठ-दहा जागा. टॅलीचा सर्व्हर संगणकांच्याच घोळक्यात ठेवावा. तो वेगळा काढला तर हिशेब विभागाचं प्रत्येक पान राउटरमधून फिरून येईल आणि पदरात काही पडणार नाही.

त्या तीन स्वस्त पीओई स्विचना चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. ते बदलायची गरजही नाही. त्यांच्यामागे फक्त कॅमेरेच आहेत, तेव्हा मुख्य स्विचवर त्यांच्या वायरी जिथे येतात ती तीन पोर्टं ३० नंबरची केली की मागचे सगळे कॅमेरे एका झटक्यात ३० मध्ये गेले. मात्र यांतल्या एकालाही कुणी लॅपटॉप जोडता कामा नये, नाहीतर तोही कॅमेऱ्यांच्या घोळक्यात जाईल.

एनव्हीआर कुठे ठेवायचा यावर बरेच लोक चुकतात. तो मालकांच्या केबिनमध्ये असतो म्हणून संगणकांच्या नंबरात राहू देतात. पण दोन व्हीलॅनमधली प्रत्येक गोष्ट राउटरमधून जाते. म्हणजे ते ९६ मेगाबिट रात्रंदिवस राउटर वाहत बसणार, आणि छोटा राउटर यात धापा टाकतो. एनव्हीआर कॅमेऱ्यांसोबत ३० मध्येच हवा. मॅनेजरला चित्र बघायचं असेल तर राउटरवर नियम लिहायचा, की १० मधून फक्त एनव्हीआरच्या पत्त्यावर जाता येईल. उलट दिशेने, ३० मधून १० कडे स्वतःहून कुणीही येऊ नये. कॅमेऱ्यांना इंटरनेटही देऊ नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखोंनी ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पाडल्या होत्या. मालकांना मोबाइलवर चित्र हवं असेल तर इंटरनेट एकट्या एनव्हीआरला द्यावं.

यात एक गोष्ट हमखास विसरते. कॅमेरा इंटरनेटवरून घड्याळ लावून घेत असतो. इंटरनेट तोडलं की त्याचं घड्याळ हळूहळू सरकतं, आणि चोरी झाल्यावर पोलिसांना दिलेल्या चित्रीकरणावर भलतीच वेळ दिसते. म्हणून कॅमेऱ्यांनी वेळ एनव्हीआरकडून घ्यावी, अशी सेटिंग त्याच दिवशी करून टाकावी.

आता टेबलाचं पोर्ट. तिथे एकाच वायरीवर फोन आणि त्याच्यामागे संगणक, म्हणजे दोन घोळके. संगणकाची पाकिटं चिठ्ठीविना येतात आणि स्विच ती १० ची समजतो. फोन आपल्या पाकिटांवर २० ची चिठ्ठी स्वतः लावतो. आपण २० चे आहोत हे त्याला स्विचच सांगतो. सिस्कोच्या स्विचवर एका पोर्टची सेटिंग अशी दिसते:

```
interface GigabitEthernet1/0/7
 switchport mode access
 switchport access vlan 10
 switchport voice vlan 20
 spanning-tree portfast
 spanning-tree bpduguard enable
```

शेवटची ओळ त्या खुपसलेल्या दुसऱ्या वायरीसाठी आहे. स्विच अधूनमधून ओळखीचं पाकीट सोडत असतो. तेच पाकीट टेबलाच्या पोर्टवरून परत आलं तर स्विच समजतो की कुठेतरी वर्तुळ झालंय, आणि ते पोर्ट बंद करतो. एका टेबलाचा फोन बंद पडेल, मजला चालू राहील. ही ओळ वगळून नुसते व्हीलॅन केले तर वर्तुळाचा गोंधळ १० नंबरातच राहील हे खरं, पण मजल्यामजल्यांमधली वायर सामाईक असते. ती १० च्या हाकांनी भरली की २० चे फोनही गुदमरतील. निव्वळ व्हीलॅनवर विसंबणाऱ्यांची इथे निराशा होते.

फोनसाठी व्हीलॅनचा खरा फायदा चिठ्ठीतल्या आणखी तीन बिटांत आहे. एका संभाषणाला एका दिशेने जेमतेम ९० किलोबिट लागतात, वायरची टंचाई फोनला कधीच नसते. पण आवाज सेकंदाला पन्नास पाकिटांतून येतो, आणि त्यांतली काही मोठ्या ड्रॉइंगच्या फाइलमागे रांगेत अडकली की शब्द तुटतो. त्या तीन बिटांत शून्य ते सात असा प्राधान्याचा आकडा लिहिता येतो. आवाजाला पाच द्यायची प्रथा आहे. स्विचला तो आकडा मानायला सांगितलं की आवाजाची पाकिटं रांग सोडून पुढे जातात.

सगळं जोडल्यावर पहिल्या सकाळी काय बिघडेल हे जवळपास आधीच सांगता येतं. डीएचसीपीची मागणी ही हाकच आहे, आणि हाक आता व्हीलॅनच्या हद्दीवर थांबते. पत्ते वाटणारा सर्व्हर १० मध्ये बसला असेल तर २० मधल्या फोनची मागणी त्याला ऐकूच जाणार नाही. राउटरला ती मागणी पुढे पोचवायला सांगावं लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं. मग यंत्र स्वतःच `169.254` ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं. तो दिसला, की समजावं मागणी पोचलेली नाही: एक तर राउटर ती पुढे देत नाही, किंवा दोन स्विचमधल्या वायरीवर तो नंबर जाऊच दिलेला नाही. फोनच्या स्क्रीनवर २० ऐवजी १० च्या मालिकेतला पत्ता दिसला, तर फोनला आपला नंबर कळलेला नाही. अशी निदानं पत्ता बघून टेबलाशी उभ्या उभ्या होतात, म्हणून मालिकेतला तिसरा आकडा आणि व्हीलॅनचा नंबर जुळते ठेवावेत. कॅमेऱ्यांची जुनी मालिका तेवढी अपवाद.

आणखी एक तक्रार ठरलेली: ‘मीटिंगरूमचा टीव्ही मोबाइलवर दिसत नाही.’ टीव्ही १० मध्ये, मोबाइल ४० मध्ये, आणि टीव्हीचा शोध हाका मारूनच चालतो. कॅमेरेवाल्याच्या शोधयादीतही १० मधून आता एकही कॅमेरा येणार नाही. हा बिघाड नव्हे, आपण मागितलेलं तेच घडलंय. टीव्ही मोबाइलच्या घोळक्यात हलवावा आणि कॅमेरेवाल्याला लॅपटॉप ३० च्या पोर्टला जोडायला सांगावं.

फरक पडला की नाही हे मोजता येतं. वायरशार्क नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर चालवून `eth.dst == ff:ff:ff:ff:ff:ff` ही गाळणी लावली की फक्त हाका दिसतात. बदलाआधी दहा मिनिटं आणि बदलानंतर त्याच वेळेला दहा मिनिटं मोजावं. कॅमेरे, फोन आणि मोबाइल निघून गेल्यावर संगणकाला ऐकू येणाऱ्या हाका साधारण तिसऱ्या हिश्शावर यायला हव्यात. तसं झालं नाही तर कुठलं तरी पोर्ट अजून चुकीच्या नंबरात आहे, किंवा टेबलाखाली कुणाचा तरी पाच पोर्टांचा स्वस्त स्विच लपलाय. वायफायसाठी ४० नंबर हवेत सोडताना २० आणि ३० तिथे सोडलेले नाहीत ना, हेही तेव्हाच तपासावं. नाहीतर सर्वांत मोठा फायदाच हातचा जायचा.

आणि वीस-पंचवीस यंत्रांचं ऑफिस असेल तर? तिथे हाकांसाठी व्हीलॅन करू नये असं माझं मत आहे. पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे एवढे दोन घोळके सुरक्षेसाठी वेगळे काढले तर पुष्कळ झालं. शंभरी जवळ आली की मात्र नव्या खोलीचं वायरिंग सुरू व्हायच्या आधीच नंबर ठरवून घ्यावेत. कोणत्या पोर्टला कोणता नंबर दिलाय त्याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा आणि पुढे पोर्ट बदलेल तेव्हा त्यावर पेनाने खाडाखोड करावी.